बाजार कोसळला की काय करायचं, हे आधीच लिहून ठेवा

23 मार्च 2020 रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे 13 टक्के कोसळून 7,610 वर बंद झाला. जानेवारीत तो 12,362 वर होता. अनेकांनी त्याच आठवड्यात सगळे फंड विकले, आणि बाजार सावरल्यावर पुन्हा कधी शिरायचं हे त्यांना ठरवताच आलं नाही. अशा दिवशी डोकं शांत ठेवा, या सल्ल्याचा फारसा उपयोग होत नाही. निर्णय आधीच घेऊन ठेवावा लागतो.

सुरुवातीला सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा एफडीत बाजूला काढा. पुष्कळदा माणूस भीतीपेक्षा पैशांच्या गरजेपोटी पडत्या भावात विकतो.

मग उरलेल्या रकमेचं प्रमाण ठरवून वहीत लिहा. समजा, 10 लाखांपैकी 60 टक्के निफ्टीतल्याच कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या इंडेक्स फंडात आणि 40 टक्के रोख्यांत पैसे लावणाऱ्या डेट फंडात. बाजार रोज पाहू नका. दर तीन महिन्यांनी, ठरल्या तारखेलाच हिशोब करा. प्रमाण 5 टक्क्यांहून जास्त हललं असेल तरच ते पूर्ववत करा.

14 जानेवारी 2020 ला, म्हणजे ऐन शिखरावर, ही गुंतवणूक केली असती तर? 31 मार्चला निफ्टी 8,598 वर होता. शेअरचे 6 लाख सुमारे 4 लाख 17 हजार झाले असते. डेटचे 4 लाख तसेच धरू. एकूण 8 लाख 17 हजारांत शेअरचा वाटा 51 टक्के, म्हणून डेटमधून सुमारे 73 हजार काढून इंडेक्स फंडात टाकायचे. सप्टेंबरअखेरीस शेअरचा वाटा 66 टक्क्यांवर गेला असता, म्हणून सुमारे 60 हजार पुन्हा डेटमध्ये हलवायचे. नोव्हेंबरात निफ्टी पुन्हा 12,362 वर पोहोचला तेव्हा एकूण रक्कम साधारण 10 लाख 26 हजार झाली असती. तळ ओळखायची गरजच पडली नाही.

हाच नियम उलट बाजूनेही राखण करतो. निफ्टी स्मॉलकॅप 100 निर्देशांक 2017 मध्ये सुमारे 57 टक्के वाढला. तो परतावा पाहून वर्षअखेरीस शिरलेल्यांच्या वाट्याला 2018 ची जवळपास 29 टक्क्यांची घसरण आली. प्रमाण पाळणारा अशा तेजीत वाढलेला हिस्सा थोडा विकत असतो. नवा फंड घ्यावासा वाटलाच, तर कारण वहीत लिहा आणि पुढच्या तारखेपर्यंत थांबा. ‘गेल्या वर्षी खूप वाढला’ एवढंच कारण असेल तर तो घेऊ नका.

विकण्याआधी एक्झिट लोड, म्हणजे लवकर विकल्यास फंड कापतो ते शुल्क, आणि कर तपासा. शक्य तिथे जुनं न विकता नव्या एसआयपीचे हप्ते कमी पडलेल्या बाजूला वळवा.

आणि हा नियम एकट्या शेअरला लावू नका. येस बँकेचा शेअर 2018 मध्ये 400 रुपयांच्या आसपास पोहोचून कोसळला. पडत्या भावात घेत राहणाऱ्यांना तो भाव पुन्हा दिसला नाही. निर्देशांकातून अशी कंपनी वगळली जाते, तिच्या जागी दुसरी येते. 2008 च्या पडझडीनंतर मात्र निर्देशांकालाही जुन्या पातळीजवळ यायला जवळपास तीन वर्षं लागली होती. म्हणून पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे त्या 60 टक्क्यांत धरूच नका.