लग्नाच्या जेवणाबद्दल केटररला तक्रारीचं पत्र लिहिताय? या चुका टाळा

दादरच्या एका लग्नाच्या हॉलवर मी अकरा वर्षं व्यवस्थापक होते. नोकरी सुटली, तरी ओळखीतली माणसं अजून केटररला लिहिलेली पत्रं घेऊन घरी येतात. दहातल्या आठ पत्रांचं पहिलं वाक्य एकच असतं: "आपण आमच्या पाहुण्यांना शिळे अन्न वाढलेत." मी पेन घेऊन आधी ते वाक्य खोडते.

शिळं म्हणजे आदल्या दिवशीचं. मुंबईतला केटरर बहुतेक वेळा त्याच दिवशी पहाटे रांधतो आणि टेम्पोने हॉलवर आणतो. त्यामुळे "अन्न ताजं होतं" असं तो दोन ओळींत लिहितो, आणि ते खरंही असतं. तुमची तक्रार वेगळी आहे. अन्न ताजं होतं, पण शिजल्यापासून ताटात पडेपर्यंत ते कोमट अवस्थेत तासन् तास पडून होतं. तेवढंच लिहा, आणि घड्याळ लावून लिहा.

हे मला माझ्या भाच्याच्या लग्नात पुन्हा नीट कळलं. मुलुंडला, मे महिन्यात, 320 पानं, पानाला 650 रुपये. मुहूर्त 12.17 चा, पण वरात अडकली आणि पहिलं ताट 1.45 ला वाढलं गेलं. मसालेभात कोमट होता. मी स्वतः डाव घालून पाहिला: वरची शितं सुकलेली, आतली चिकट आणि गिचका झालेली. बासुंदीला आंबूस वास येत होता आणि वाटीच्या कडेला पाणी सुटलेलं होतं. संध्याकाळी सात जणांना उलट्या झाल्या, आणि नंतर आणखी दोघांनी त्रास झाल्याचं कळवलं.

दादाने त्याच रात्री पत्र लिहिलं. शिळं अन्न, विषबाधा, कोर्टात खेचू, सगळे पैसे परत. चौथ्या दिवशी उत्तर आलं. सोबत त्या पहाटेची दुधाची पावती आणि एक वाक्य: "भात लग्नाच्याच दिवशी सकाळी 6 वाजता शिजवला होता." दादाचा फोन आला, "संपलं. त्याच्याकडे पुरावा आहे."

मला मात्र ते वाक्य वाचून बरं वाटलं. भात कधी शिजला हे आता केटररच्याच सहीने आमच्याकडे होतं, आणि तो 1.45 नंतर वाढला गेला हे तीनशे माणसांनी पाहिलं होतं. प्रश्न मधल्या पावणेआठ तासांचा होता. हॉलच्या गेटवरच्या वहीत टेम्पो आल्याची वेळ 9.40 होती. फोटोग्राफरकडून न निवडलेले सगळे फोटो मागवले. बुफेच्या एका फोटोत भाताच्या भांड्याखाली अन्न गरम ठेवायला पेटवतात त्या जेलचे दोन डबे दिसत होते आणि दोन्हींची झाकणं बंद होती. फोटोवर वेळ 12.10 होती. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असू शकतं, म्हणून मंगलाष्टकांनंतर हार घालतानाच्या फोटोशी ताडून पाहिलं, कारण ती वेळ आम्हाला नक्की माहीत होती. ते सात मिनिटं पुढे होतं. पत्रात आम्ही 12.03 लिहिलं.

दुसरं पत्र असं गेलं:

"आपल्या लेखी उत्तरानुसार भात सकाळी 6 वाजता शिजला. हॉलच्या नोंदीनुसार तो 9.40 ला पोचला. 12.03 च्या फोटोत त्याखालचा जेल पेटवलेला नाही. 1.45 ला पहिलं ताट वाढलं तेव्हा भात कोमट होता. बासुंदी आंबूस लागते हे 2.20 ला आपल्या सुपरवायझरला सांगितलं आणि त्यांनी ती 2.30 ला काउंटरवरून उचलली. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर आणि थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली ठेवण्याची जबाबदारी आपली होती. 9.40 पासून ती कशी पार पाडली, हे कृपया लेखी कळवावे. मुहूर्तानंतर जेवण सुरू व्हायला आमच्याकडून उशीर झाला, हे आम्हाला मान्य आहे."

शेवटचं वाक्य घालायला दादा तयार नव्हता. पण तुमचा उशीर लपवलात तर केटरर पहिल्यांदा तोच पुढे करतो. लग्नात उशीर होतोच, आणि तो धरून अन्न गरम ठेवणं हेच त्याचं काम आहे. "वाढण्याआधी पुन्हा गरम केलं होतं" हेही उत्तर पुरत नाही. भातातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा उकळून जात नाही. शिजलेलं अन्न बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये हा नियम त्यासाठीच आहे.

दुसरी चूक 'विषबाधा' या शब्दाची. तपासणीशिवाय तो लिहू नका, कारण त्या एका शब्दावर पत्र अडकतं. त्याऐवजी कोणी काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि त्रास कधी सुरू झाला हे लिहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि लोक तेच टाळतात. आम्ही नऊ घरी फोन केले. सात जणांना जेवणानंतर दोन ते पाच तासांत उलट्या झाल्या होत्या आणि सातही जणांनी भात खाल्ला होता. कोमट भाताच्या त्रासाशी ही वेळ जुळते. उरलेल्या दोघांना तिसऱ्या दिवशी ताप आला, म्हणून त्यांची नावं मी काढायला लावली. दादा चिडला, पण न जुळणारी दोन नावं जुळणाऱ्या सातांनाही कमकुवत करतात. डॉक्टरांकडे गेलेल्या तिघांचे कागद जोडले.

घरी डब्यात नेलेला भात पुरावा म्हणून फ्रीजमध्ये जपू नका. तो वाटेत किती वेळ बाहेर होता हे केटरर विचारेल, आणि त्याचं विचारणं रास्त असेल. हॉलवरच वास आला तर तिथूनच अन्न व औषध प्रशासनाला फोन करा.

पूर्ण बिल परत मागू नका. पुरी-भाजी आणि मठ्ठ्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. आम्ही भात आणि बासुंदीचे पानामागे 90 रुपये धरून 28,800 मागितले.

बाकीची रक्कम देताना पावतीवर "जेवणाबाबत तक्रार नोंदवून" असं लिहायला विसरू नका.

पत्र मालकाच्या नावे, बिलावरचा 14 अंकी अन्न परवाना क्रमांक घालून, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हींनी पाठवा. सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर पाठवलेला रागाचा ऑडिओ म्हणजे तक्रार नव्हे.

लग्नानंतर दोन दिवसांत पत्र गेलंच पाहिजे, या घाईने लोक आठवेल ते लिहितात. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. गेटची वही आणि फोटो मात्र पहिल्या आठवड्यातच मिळवा, कारण वही भरली की ती रद्दीत जाते. आमच्या हॉलवर तरी तसंच होत असे.

केटररचं उत्तर बाराव्या दिवशी आलं. वरात अडकल्याचं कळल्यावर, जेल आधीच संपू नये म्हणून मुलांनी तो पेटवला नव्हता, असं त्याने लिहिलं होतं. बासुंदीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. 28,800 मात्र त्याने बाकीच्या बिलातून पूर्ण वजा केले होते.