‘लागू नाही’ लिहिण्याआधी: हितसंबंधांचा फॉर्म कसा भरावा

जॉइनिंगच्या गठ्ठ्यात विमा, पीएफ नॉमिनेशन आणि लॅपटॉपच्या पावतीखाली दोन-तीन पानांचा एक फॉर्म असतो. अर्धा फॉर्म हितसंबंधांच्या संघर्षाचा, अर्धा संबंधित पक्षांचा. शेजारचा सहकारी सांगतो, “सगळीकडे ‘लागू नाही’ लिहून टाक, कोणी वाचत नाही.” पुण्यातल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांत मी हा फॉर्म बऱ्याच नव्या मॅनेजरांकडून भरून घेतला आहे. तो वाचला जातो, पण काहीतरी बिनसल्यावर.

सोपे रकाने आधी उरका. बाहेरची नोकरी, संचालकपद, भागीदारी, शनिवार-रविवारची कन्सल्टिंग असेल तर लिहा. शेअर्ससाठी किती टक्क्यांपासून सांगायचं ते पॉलिसीत बघा. म्युच्युअल फंड बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात.

गाडी अडते ती नातेवाइकांच्या रकान्यात. हुशार माणसं इथे गूगल करून कंपनी कायदा, 2013 काढतात. त्यातली ‘नातेवाईक’ची यादी आटोपशीर आहे: नवरा-बायको, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य. मेहुणा नाही, साडू नाही, बहिणीचा नवराही नाही. शिवाय त्या कायद्यातला ‘मॅनेजर’ म्हणजे कंपनीचा जवळजवळ सगळा कारभार बघणारा माणूस; तुमच्या कार्डावर मॅनेजर लिहिलंय म्हणून तुम्ही तो होत नाही. मग माणूस खूश होतो आणि रकाना रिकामा सोडतो.

चूक इथेच होते. तुमच्यापुढचा फॉर्म कंपनीच्या स्वतःच्या धोरणातून आलेला आहे आणि त्याची व्याख्या कायद्यापेक्षा बरीच रुंद असते. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात ती छापलेली असते, तीच धरा. तिथे ‘ब्रदर-इन-लॉ’ दिसला तर इंग्रजीला मेहुणा, दीर, साडू, भावोजी यांतला फरक कळत नाही हे लक्षात ठेवा. “साडू कुठे आलाय त्यात?” असं मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. आलाय. सगळे लिहा.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. जुन्या एका नोकरीत माझ्या बायकोचा भाऊ एका छपाईच्या फर्ममध्ये भागीदार होता. ती फर्म आमची व्हेंडर नव्हती, म्हणून मनाशी म्हटलं, संघर्षच नाही तर लिहायचं काय? आठ महिन्यांनी प्रशासनाने तीन कोटेशन मागवली, त्यात ती फर्म सर्वांत स्वस्त निघाली आणि बिलं मंजुरीसाठी माझ्याच टेबलावर आली. मी सह्या केल्या. ऑडिटने व्हेंडरांची यादी कर्मचाऱ्यांच्या माहितीशी ताडून पाहिली तेव्हा फर्मचा मोबाइल नंबर आणि मी ‘आपत्कालीन संपर्क’ म्हणून दिलेला नंबर एकच निघाला. त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या कागदावर, माझ्याच अक्षरात! दर वाजवी होता, पैसे कोणी खाल्ले नव्हते, तरी ताकीद मिळाली. ती नातं लपवल्याची होती, व्यवहाराची नव्हती.

म्हणून माझं ठाम मत: संघर्ष आहे की नाही हे तुम्ही ठरवूच नका. तुमचं काम नातं आणि व्यवसाय सांगण्याचं, निवाडा कम्प्लायन्सचा.

लिहितानाही गुळमुळीत नको. “एक नातेवाईक व्यवसायात आहेत” याला काही अर्थ नाही. परवा एका नव्या फॅसिलिटीज मॅनेजरने असंच लिहिलं होतं. आम्ही बसून ते असं केलं: “माझे साडू कर्मचारी वाहतुकीचा व्यवसाय करणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत संचालक आहेत व त्यांच्याकडे 40 टक्के शेअर्स आहेत. ही कंपनी सध्या आपली व्हेंडर नाही. वाहतुकीच्या निविदा मागवणे आणि बिलं प्रमाणित करणे माझ्या कामात येते. त्यात माझा किंवा पत्नीचा पैसा नाही.” कंपनीचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक वेगळ्या रकान्यात. नातं कोणतं, हिस्सा किती, आणि तुमचा हात निर्णयाला कुठे पोहोचतो, एवढं आलं पाहिजे. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि कम्प्लायन्सला तीच हवी असते.

यावर त्याला काढून टाकलं वगैरे नाही. वाहतुकीच्या निविदांतून त्याला बाजूला केलं आणि सिस्टीममध्ये त्या खर्चाची मंजुरी त्याच्या वरिष्ठांकडे वळवली. तुमच्या बाबतीत असं ठरलं तर ते तोंडी घेऊ नका, ईमेल मागा. आणि नुसती सही टाळणं पुरत नाही. तांत्रिक गुण देणाऱ्या समितीत बसलात तरी तो सहभागच.

सही, तारीख, आणि एक प्रत स्वतःकडे. वर्षाच्या मध्ये काही बदललं, समजा भावाने नवी कंपनी काढली किंवा तुमची बदली खरेदी विभागात झाली, तर वार्षिक फेरीची वाट न बघता पॉलिसीतल्या मुदतीत नवा फॉर्म द्या. जुन्या फॉर्मवर खाडाखोड करून चालत नाही.