आयगेनव्हॅल्यूची स्लाइड कळली नाही? सरांना पत्र असं लिहा

मायना, नाव, रोल नंबर, शेवटी सही. यावर वेळ घालवू नका. ‘आपला अमूल्य वेळ’ वगैरे तर मुळीच नको.

खरी गोम शंका मांडण्यात आहे. जळगावात शिकत असताना मी लिहिलं होतं, “सर, आयगेनव्हॅल्यूचा भाग समजला नाही.” एका ओळीत उत्तर आलं: “पुस्तक वाचा.” राग आला, पण सरांनी तरी काय सांगायचं? पूर्ण प्रकरण?

आता अमळनेर-चोपड्याची मुलं माझ्याकडे शंका घेऊन येतात, तेव्हा मी आधी स्लाइडचा नंबर आणि तिच्यावरचं वाक्य जसंच्या तसं उतरवायला लावतो. परवाच्या स्लाइडवर होतं, “आयगेनव्हॅल्यू रिपीट झाली की मॅट्रिक्स डायगोनलाइझ होत नाही.” मुलगा म्हणाला, “पटत नाही.” मी म्हटलं, नुसतं पटत नाही म्हणून चालायचं नाही, वाक्य मोडणारं दोन बाय दोनचं उदाहरण काढ. तीन बाय तीनच्या फंदात पडू नका. त्यात आकडेमोड चुकते आणि सर तुमची चूक दाखवून मोकळे होतात.

त्याने ही दोन काढली:

```
A = [2 1]     B = [2 0]
    [0 2]         [0 2]
```

दोन्हींची आयगेनव्हॅल्यू 2, दोनदा. A मधून 2I वजा केलं की उरतं y = 0, म्हणजे आयगेनव्हेक्टरची दिशा एकच, (1, 0). दोन बाय दोनला स्वतंत्र दिशा दोन लागतात, म्हणून A डायगोनलाइझ होत नाही. B मधून 2I वजा केलं तर सगळे शून्य. शून्य सोडून कुठलाही व्हेक्टर चालतो, आणि B तर मुळातच डायगोनल आहे. मग पत्र एवढंच झालं:

“आदरणीय सर, स्लाइड 14 वर ‘आयगेनव्हॅल्यू रिपीट झाली की मॅट्रिक्स डायगोनलाइझ होत नाही’ असं आहे. A साठी ते जुळतं, B साठी जुळत नाही. दोन्हींची आकडेमोड खाली दिली आहे. तिथे ‘होत नाही’ऐवजी ‘होईलच असं नाही’ हवं का? की माझं काही चुकतंय?”

शेवटचा प्रश्न गाळू नका. ‘स्लाइड चुकीची आहे’ असं लिहिलंत तर सर स्लाइडची बाजू घेतात, मॅट्रिक्स बाजूलाच राहतं.

एक मात्र विचारू नका: पुस्तकात det(A − λI) आणि स्लाइडवर det(λI − A) का? फार तर पूर्ण पदावलीचं चिन्ह उलटतं, मुळं तीच राहतात.

आकडेमोडीचा फोटो सरळ आणि उजेडात काढलेला जोडा. संध्याकाळी पाठवा आणि चार दिवस आठवण करू नका. त्या मुलाला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: “होईलच असं नाही. बदलतो.”