दिलेल्या ओळीवरून कथा लिहिताना या चुका टाळा

परीक्षेत कथेची पहिली ओळ दिलेली असते आणि पुढची कथा साधारण 100 शब्दांत पूर्ण करायची असते. बहुतेक कथा फसतात त्या शेवटाला जागा न उरल्यामुळे. कारण मात्र शेवटात नसते, ते दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच सापडते. एक ओळ घेऊन पाहू.

“बस सुटायला दोनच मिनिटे उरली होती आणि माझ्या हातात दुसऱ्याच कुणाची तरी पिशवी होती.”

या ओळीनंतर पुष्कळ उत्तरपत्रिकांत असे काहीतरी येते: “त्या दिवशी मी पहाटे लवकर उठलो होतो. आकाश निरभ्र होते. आईने मला डबा भरून दिला. मी मामाच्या गावी निघालो होतो.” ओळ सांगते की दोनच मिनिटे उरली आहेत आणि लिहिणारा मात्र मागे पहाटेपर्यंत गेला. आता पहाटेपासून पुन्हा स्थानकावर यायलाच 50-60 शब्द लागतात. पिशवीचा घोटाळा उलगडायला मग दोन वाक्ये उरतात, म्हणून “शेवटी माझी पिशवी मिळाली आणि सर्वांना आनंद झाला” असे लिहून कथा आटोपली जाते. पिशवी कशी मिळाली हीच खरी कथा होती आणि नेमकी तीच लिहायची राहिली.

दिलेली ओळ ही प्रस्तावना नसते. कथा तिथे आधीच सुरू झालेली असते, म्हणून दुसरे वाक्य त्याच क्षणाला, त्याच जागी हवे. आधीची माहिती लागलीच, तर ती एखाद्या अर्ध्या वाक्यात मध्येच सांगावी.

लिहिण्याआधी दोन मिनिटे ओळ नीट वाचा आणि तिने काय काय देऊन ठेवले आहे ते कच्च्या जागेत टिपा. वरच्या ओळीत चार गोष्टी आहेत: निवेदन ‘मी’चे आहे, काळ भूतकाळ आहे, वेळ संपत आली आहे आणि पिशवी दुसऱ्याची आहे. या चारही गोष्टी शेवटपर्यंत सांभाळायच्या. ‘मी’ने सुरू झालेली कथा चौथ्या वाक्यात ‘राजू धावला’ अशी झाली, तर परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येते. आणखी एक चूक आपल्या भाषेतली खास आहे. ओळीतून ‘मी’ मुलगा की मुलगी ते कळत नाही, पण ‘मी’शी जुळणारे पुढचे पहिलेच क्रियापद ते ठरवून टाकते. एकदा ‘धावलो’ लिहिले की पुढे ‘थांबले’ चालणार नाही. घाईत ही गफलत फार होते, म्हणून शेवटी फक्त क्रियापदांवरून एकदा नजर फिरवा.

यानंतर आधी शेवट ठरवा. शेवट शोधताना नवीन माणूस किंवा योगायोग आणू नका. ओळीतल्याच वस्तूला प्रश्न विचारा: पिशवीत असे काय असेल, ज्यामुळे तिचा मालक अडला असेल? उत्तर निघाले, चष्मा. मग शेवटही सुचतो: मालकाकडे माझी पिशवी आहे, त्यातल्या वहीवर माझे नाव आहे, पण चष्म्याशिवाय त्याला ते वाचता येत नाही. आता कथा अशी होते:

“बस सुटायला दोनच मिनिटे उरली होती आणि माझ्या हातात दुसऱ्याच कुणाची तरी पिशवी होती. रंग तोच, पण आत माझ्या वह्यांऐवजी चष्मा आणि औषधाची पुडी होती. मी पाण्याच्या नळाकडे धावलो. पिशवी मी तिथेच खाली ठेवली होती. नळापाशी कुणीच नव्हते. पिशवी तिथेच टाकून बस गाठता आली असती, पण पुडीवर लिहिले होते, ‘रात्री आठ वाजता’. माझ्या डोळ्यांसमोर बस निघून गेली. मी चौकशीच्या खिडकीकडे वळलो. तिथे एक आजोबा माझी वही डोळ्यांजवळ धरून उभे होते. “बाळा, यावरचे नाव वाचशील का? माझा चष्मा हरवला आहे.” मी काही न बोलता त्यांच्या हातात चष्मा ठेवला. मग नाव त्यांनी स्वतःच वाचले.”

हे 92 शब्द झाले. दिलेली ओळ 14 शब्दांची, अडचण स्पष्ट करणारे वाक्य 11 शब्दांचे, धावपळ आणि निर्णय 36 शब्दांत, आणि उरलेले 31 शब्द शेवटाला. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जागा शेवटाने घेतली आहे. दिलेली ओळ शब्दमर्यादेत धरायची की नाही हे सूचनेत नसेल, तर धरूनच आखणी करावी, म्हणजे मर्यादा ओलांडण्याची भीती राहत नाही.

चष्मा दुसऱ्याच वाक्यात आला आहे, हे पाहा. शेवटी उपयोगी पडणारी वस्तू आधी दिसलेली असली की शेवट पटतो. तीच वस्तू शेवटच्या ओळीत अचानक उगवली की तो जुळवून आणल्यासारखा वाटतो. “तेवढ्यात मला जाग आली” हा शेवट याच कारणाने पडतो: आधीच्या एकाही वाक्यात त्याची तयारी नसते आणि वाचलेले सगळे एका फटक्यात खोटे ठरते. बस सुटणेही गरजेचे होते. दोन मिनिटांचा ताण दिला होता, तर त्याची काहीतरी किंमत मोजायला हवी. बसही मिळाली, पिशवीही मिळाली, तर ताण कशासाठी होता?

संवाद एकच आहे आणि 9 शब्दांचा आहे. एवढ्या लहान कथेत “कसे आहात?”, “मी बरा आहे” असली देवाणघेवाण परवडत नाही. माणसेही दोनच ठेवा. तिसऱ्याला नाव दिले की त्याला काम द्यावे लागते. तात्पर्य मागितले असेल तरच वेगळे लिहा. शीर्षक मागितले असेल, तर शेवट उघड करणारे नको. ‘हरवलेला चष्मा’पेक्षा ‘दोन पिशव्या’ बरे.

शब्द मोजण्यात वेळ घालवू नका. घरी आपल्या अक्षरात पाच ओळी लिहून एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते पाहून ठेवा. आठ बसत असतील, तर 100 शब्द म्हणजे साधारण साडेबारा ओळी. मग आठव्या ओळीच्या समासात पेन्सिलने बारीक खूण करा आणि तिथे पोहोचल्यावर शेवटाकडे वळलेच पाहिजे, असे ठरवा.

तरीही खुणेपाशी आलात आणि कथा अजून नळापाशीच रेंगाळत असेल, तर घाबरून पुढच्या घटना एका वाक्यात कोंबू नका. मधला टप्पा सरळ गाळा: “बस निघून गेली” एवढे लिहून थेट खिडकीपाशी जा. मधली वाट वाचणारा स्वतः भरून काढतो, शेवट मात्र तुम्हालाच लिहावा लागतो. आणि आधीच्या भागात एखादे वाक्य कापायचेच असेल, तर हवामानाचे, कपड्यांचे किंवा “मला खूप भीती वाटली” असे भावनेचे वाक्य आधी काढा. चष्म्याचे वाक्य तेवढे खोडू नका.