छतावरचं सोलर आणि दोनदा मोजला गेलेला कार्बन

गुंतवणुकीचे प्रस्ताव तपासायला नव्याने आलेल्यांना मी आधी छतावरच्या सोलरचं गणित सोडवायला देते. अंतर्गत कार्बन किंमत, म्हणजे कंपनीने स्वतःच्या निर्णयांसाठी उत्सर्जनाच्या टनाला ठरवलेली किंमत, नेमकी कुठे धरायची, हे त्यात लवकर कळतं.

चलन कुठलंही धरा. एका कारखान्याच्या छतावर सोलर बसवायचा खर्च १,००,०००. वर्षाला १,३०,००० युनिट वीज तयार होते, सगळी स्वतःच वापरली जाते, आणि ग्रिडची वीज ०.१० दराने मिळते. बचत १३,०००, देखभालीचे १,५०० वजा जाता ११,५०० उरतात. २० वर्षं आणि १० टक्के डिस्काउंट दर धरला तर निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे पुढच्या सगळ्या बचतीची आजची किंमत वजा खर्च, साधारण उणे २,१०० येतं. प्रस्ताव थोडक्यासाठी नापास.

आता कार्बन. ग्रिडच्या एका युनिटमागे अर्धा किलो उत्सर्जन धरलं, तर वर्षाला ६५ टन वाचतात. कंपनीने टनाला ४० किंमत ठरवली असेल, तर २,६०० जमेला येतात. हे पैसे प्रत्यक्ष कुणी देत नाही, निर्णयापुरते धरायचे. मूल्य अधिक २०,०००च्या घरात जातं.

मग कुणीतरी विचारतं, वीज महागली तर? दर ०.१२ करून पाहा, कार्बनची ओळ काढून. उत्तर पुन्हा तेच येतं, अधिक २०,०००! अर्धा किलोवर टनाला ४० म्हणजे युनिटमागे ०.०२, आणि दरवाढही तेवढीच आहे. म्हणून दरवाढीचं कारण विचारायलाच हवं. वीज कंपनीवरचा कार्बन कर बिलात उतरला असेल, तर कार्बनची किंमत आपण आधीच मोजली आहे. वरून ४० पुन्हा लावले की मूल्य ४२,०००वर जातं आणि ते खोटं असतं. इंधन महागल्यामुळे दर वाढला असेल, तर मात्र दोन्ही ओळी धरणं योग्य.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती बहुतेक तक्त्यांत नसते. वीज महागली की कारखानाही वीज वाचवू लागतो. सुट्टीच्या दिवशी तर भार जवळपास नसतोच. समजा सोलरची पाचवा हिस्सा वीज अशी उरली आणि ग्रिडला ०.०४ ने विकावी लागली. ०.१२ दर कायम असूनही मूल्य २,३०० पर्यंत घसरतं. पॅनेल महागून एकूण खर्च तीन टक्क्यांनी वाढला, तर पुन्हा नापास. पॅनेल बनवायलाही बरीच वीज लागते, त्यामुळे ही शक्यता दूरची नाही.

म्हणून प्रस्ताव हातात आला की मी आधी मीटरच्या तासागणिक नोंदी मागते, त्यातही रविवारच्या. कार्बनची ओळ बेरजेत न मिसळता वेगळी दाखवायला सांगते. आणि ग्रिड स्वच्छ होत जाईल तसं वाचलेलं उत्सर्जन घटतं, म्हणून ते ६५ टन वीस वर्षं तसेच ठेवू देत नाही.