पोस्टरच्या शीर्षकात निष्कर्षच लिहा

पोस्टर सेशनमध्ये माणूस हातात चहा घेऊन, चालता चालता, दोनेक मीटरवरून वाचतो. समजा, तुम्ही 'ठिबक सिंचनाचा टोमॅटोवरील परिणाम : एक अभ्यास' असं शीर्षक दिलंत. परिणाम काय झाला, हे त्याला कळतच नाही. 'ठिबकवर टोमॅटोला पाणी कमी लागलं, उत्पादन घटलं नाही' असं लिहिलंत, तर न थांबणाराही मुद्दा घेऊन जातो.

खाली मधोमध तेवढंच दाखवणारा एकच मोठा आलेख ठेवा. रंगांची सूची बाजूला नको. 'ठिबक' आणि 'पाट' ही नावं थेट रेषांवरच लिहा. पद्धत, तक्ते कडेला. लोगो तर तळाशीच बरे, मार्गदर्शक काहीही म्हणोत.

छापायला टाकण्याआधी ए-० पोस्टर ए-४ कागदावर काढा. लांबी-रुंदी बरोबर चौथाई होते, म्हणून अर्ध्या मीटरवर धरलेला हा कागद म्हणजे दोन मीटरवरचं पोस्टर. विषय माहीत नसलेल्या कुणाला तो मिनिटभर दाखवा, मग काढून घ्या आणि विचारा, "काय सापडलं?" "टोमॅटोचं काहीतरी" असं उत्तर आलं तर शीर्षक बदला, नुसती अक्षरं मोठी करून भागत नाही.