विद्यार्थी आधी बोर्डावर, मग शिकवणी

मोठं मॉडेल शिक्षक, छोटं मॉडेल विद्यार्थी, आणि शिक्षकाच्या उत्तरांवरून विद्यार्थ्याला शिकवायचं, याला डिस्टिलेशन म्हणतात. मोठं मॉडेल हाताशी आलं की हात शिवशिवतात आणि आपण थेट ट्रेनिंग सुरू करतो. पण तयारी उलट्या टोकाकडून, म्हणजे विद्यार्थी ज्यावर चालणार त्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाकडून करावी. उदाहरणाला अर्डुइनो नॅनो ३३ बीएलई सेन्स घेऊ: ६४ मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम४, २५६ केबी रॅम, १ एमबी फ्लॅश. काम असं की एका सेकंदाच्या आवाजातून दहा इंग्रजी शब्द ओळखायचे. सोबत ‘शांतता’ आणि ‘दुसरंच काहीतरी’ धरून एकूण १२ वर्ग. डेटा गूगलचा स्पीच कमांड्स.

पहिल्यांदा कागदावर हिशोब मांडा. एका सेकंदाचे १६,००० नमुने, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे ३२ केबी रॅम नुसत्या आवाजालाच गेली. विद्यार्थी म्हणून ६४ चॅनेलचं, चार ठोकळ्यांचं डीएस-सीएनएन हे हलकं न्यूरल नेटवर्क घेतलं तर वजनं साधारण २२ हजार. आठ बिटांत तेवढेच केबी, आणि ती फ्लॅशमध्ये बसतात. रॅम खातात ती मधल्या थरांची उत्तरं. मॉडेलला कच्च्या आवाजाऐवजी एमएफसीसी, म्हणजे आवाजाच्या वारंवारतांचा आकड्यांतला सारांश देतात. ४९×१० च्या एमएफसीसीवर पहिला थर २५×५×६४, म्हणजे ८,००० बाइट देतो, आणि पुढच्या थराचं उत्तर तयार होईपर्यंत दोन्ही धरून ठेवावी लागतात. एका ओळखीला सुमारे २६.६ लाख गुणाकार होतात. एकाला दोन सायकल धरल्या तर ८३ मिलिसेकंद. सेकंदातून चार वेळा ओळखायचं असेल तर प्रोसेसरचा एक तृतीयांश वेळ यातच गेला.

हिशोब जमला की काहीही न शिकलेलं, यादृच्छिक वजनांचं मॉडेल आठ बिटांत बदलून बोर्डावर चढवा. उत्तरं निरर्थकच येतील, येऊ द्यात. आपल्याला बघायचंय ते टेन्सरफ्लो लाइट मायक्रोचं `arena_used_bytes()` किती रॅम सांगतं, प्रत्यक्ष वेळ किती लागतो आणि एखादी क्रिया बोर्डावरच्या लायब्ररीत नाहीच, असं तर नाही ना. आठवडाभर शिकवून झाल्यावर हे कळणं फार महाग पडतं.

त्याच बैठकीत एमएफसीसी तपासा. लॅपटॉपवर पायथनने काढलेले आकडे आणि बोर्डावर सी-कोडने काढलेले आकडे एकाच ध्वनिफितीसाठी शेजारी छापा. विंडो, लॉगचा पाया किंवा स्केल वेगळं असेल तर लॅपटॉपवर हुशार असलेला विद्यार्थी बोर्डावर मठ्ठ होतो, आणि दोष विनाकारण शिक्षकाच्या माथी जातो.

आता शिक्षक. त्याची अचूकता बघाच, पण तो चुकीच्या पर्यायांना किती गुण देतो हेही बघा, कारण शिकवणीचा माल तिथेच आहे. समजा ‘गो’च्या फितीवर त्याने ‘गो’, ‘नो’, ‘अप’ या तिघांना ९, ५, १ असे कच्चे गुण दिले. फक्त हे तीनच धरले तर सॉफ्टमॅक्सनंतर ‘गो’ ०.९८ आणि ‘नो’ ०.०२, विद्यार्थ्याला यातून फारसं काही दिसत नाही. गुणांना तापमान ४ ने भागलं की तेच ०.६७, ०.२४, ०.०९ होतात, आणि ‘गो’ हा ‘अप’पेक्षा ‘नो’च्या जवळ आहे हे त्याला समजतं. म्हणून लेबल स्मूदिंग लावून तयार केलेला शिक्षक टाळावा. त्याने चुकीच्या वर्गांमधला हा फरक बराचसा पुसलेला असतो.

लॉस आधीच लिहून ठेवा. यात `s` आणि `t` हे विद्यार्थ्याचे आणि शिक्षकाचे कच्चे गुण, `y` खरं लेबल, `T` तापमान आणि `a` शिक्षकाच्या भागाचं वजन:

```python
soft = F.kl_div(F.log_softmax(s / T, dim=1),
                F.softmax(t / T, dim=1),
                reduction="batchmean") * T * T
loss = a * soft + (1 - a) * F.cross_entropy(s, y)
```

`T * T` विसरलात तर तापमान वाढवताच शिक्षकाचा आवाज बारीक होत जातो. `batchmean` ऐवजी मूळचं `mean` राहिलं तर इथे तो १२ पट बारीक होतो. दोन्ही चुका एररशिवाय चालतात, म्हणून सापडत नाहीत.

आणखी एक मोह आवरा: शिक्षकाची उत्तरं एकदाच काढून डिस्कवर ठेवायचा. विद्यार्थ्याला देताना आपण फीत १०० मिलिसेकंद पुढेमागे सरकवतो, मागे पंख्याचा आवाज मिसळतो. ‘स्टॉप’चा शेवट कापला गेला तरी शिक्षकाचं जुनं उत्तर पूर्ण ‘स्टॉप’साठीच असतं. सरकवलेली, गोंगाट मिसळलेली तीच फीत दोघांना त्याच क्षणी द्या. वेळ जास्त लागेल, लागू दे.

तुलनेसाठी हाच विद्यार्थी शिक्षकाविना, तितकेच फेरे, तीन वेगवेगळ्या सीडवर शिकवून ठेवा. शिकवणीचा फायदा या तिघांच्या आपसातल्या फरकाएवढाच निघाला, तर शिकवणी लागलीच नाही असं समजायचं. तुलना आठ बिटांत बदललेल्या मॉडेलांचीच हवी.

शेवटी, बोर्डाच्याच मायक्रोफोनवरून तासभर आवाज टिपून ठेवा: टीव्ही, भांडी, गप्पा. त्याला लेबलं लावत बसू नका. शिक्षक त्यावर गुण देईल आणि विद्यार्थी त्यातून शिकेल. त्यातली दहा मिनिटं मात्र बाजूला काढा आणि शेवटी विद्यार्थी त्यांत किती वेळा उगाच ‘गो’ ऐकतो ते मोजा.